सरांच्या शर्टाला किती मार्क?

आमच्या गावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे मनमाडकरांना सांगायची गरज नाही. वागदर्डी धरण तळाला गेलं की पंधरा दिवस, वीस दिवस. कधी त्याहून जास्त. अशा दिवसांत घरातली बाई आधी पिण्याचं भरते, मग स्वयंपाकाचं, मग भांड्यांचं. कपड्यांचा नंबर शेवटचा. शर्ट दोन दिवस चालवायचा, तिसऱ्या दिवशी उलटा करून वाळत घालायचा, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी केलंय. मीही केलंय.

आज हे आठवायचं कारण एक फॉर्म आहे. त्यावर माझी सही आहे आणि ती सही मला बरेच दिवस झोपू देत नव्हती.

मी कॉलेजात शिकवतो. राहतो मनमाडला, कॉलेज जिल्ह्यातच दुसऱ्या गावी. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार एका कॉलेजचा नाही. काही वर्षं मी तिथल्या आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्तेच्या समितीत होतो. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून शिक्षकांबद्दल फीडबॅक घ्यायचा, बेरजा करायच्या, सरासरी काढायची आणि तक्ता प्राचार्यांकडे द्यायचा, हे आमचं काम.

बाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. कॉलेजचं नॅककडून मूल्यांकन होतं. २०१७ पासून नॅकने जी पद्धत आणली त्यात विद्यार्थ्यांचं समाधान मोजणारी एक पाहणी आहे. एकवीस प्रश्न. वीस पर्यायांचे आणि शेवटचा मोकळा, सूचना लिहायचा. पहिलाच प्रश्न आहे, वर्गात अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला? पुढे शिक्षक तयारी करून येतात का, त्यांचं बोलणं समजतं का, वगैरे. ही पाहणी पूर्ण कॉलेजची असते, एकेका शिक्षकाची नाही. पण त्याच धर्तीवर कॉलेजं आपला स्वतःचा फॉर्म काढतात आणि तो मात्र शिक्षकाच्या नावाने भरून घेतात. आमच्या फॉर्ममध्ये कुणीतरी हौसेने एक जादा ओळ घातली होती : ‘शिक्षकांचे व्यक्तिमत्त्व व टापटीप’. पाचपैकी गुण द्या.

आमच्याकडे तासिका तत्त्वावर एक सर होते. कॉमर्सच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायचे. मनमाडचेच. आम्ही एकाच गाडीने जायचो. तासाप्रमाणे पैसे, तेही कधी महिन्याने तर कधी सहा महिन्यांनी. दोन पँटी, तीन शर्ट. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालत यायचे, त्यामुळे पहिल्या तासाला त्यांच्या चपलांवर आणि पँटच्या काठावर धूळ असायची. दाढी दोन-तीन दिवसांची. पण माणूस फळ्यावर उभा राहिला की मध्यक आणि बहुलक यांतला फरक कांद्याच्या भावावरून असा समजावून सांगायचा की लासलगावला बापाबरोबर ट्रॅक्टरवर जाणारी पोरं मान हलवायची. ‘बाजारात आज सरासरी भाव इतका’ असं पेपरात येतं आणि आपल्या घरी पट्टी मात्र कमी येते ती का, हे त्यांनी एका तासात उलगडलं होतं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलंय.

वर्षाच्या शेवटी त्यांची सरासरी आली विभागात सगळ्यात कमी. मोकळ्या जागेत तीन-चार जणांनी लिहिलं होतं : ‘सर प्रेझेंटेबल नाहीत.’ एकाने लिहिलं : ‘सरांना इस्त्री घेऊन द्या.’ आम्ही समितीत हसलो. हो, मीही हसलो. तक्ता केला, सही केली. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी दुसरे आले. तासिकेवरच्या माणसाला काढावं लागत नाही, फक्त पुन्हा बोलवायचं नाही.

नंतर नॅकच्या कामासाठी जुन्या फायली लावताना तो गठ्ठा पुन्हा हातात आला. या वेळी मी सरासरी नाही, एकेक फॉर्म वाचला. आणि एका ओळीवर थांबलो. ‘शिक्षक वेळेवर वर्गात येतात का?’ या प्रश्नालाही त्या सरांना दोन, दोन, एक, दोन असे गुण. मस्टर माझ्या टेबलावरच होतं. गाडी लेट झाली तेवढे दिवस सोडले, तर तो माणूस सगळ्यांच्या आधी सही करत होता. मी स्वतः त्याच्याबरोबर गाडीतून उतरायचो आणि तो चहाला न थांबता पुढे जायचा. आणि ज्यांना वेळेच्या प्रश्नाला चार-पाच गुण होते ते आमचे एक कायम प्राध्यापक. कडक कपडे, पॉलिशचे बूट, हलकं अत्तर. ते वर्गात नेहमी दहा मिनिटं उशिरा जातात, हे कॉलेजच्या शिपायालासुद्धा माहीत आहे.

म्हणजे पोरांनी वेळ मोजलीच नव्हती. एक माणूस आवडला की त्याचं सगळंच आवडतं, एक खटकला की त्याचं सगळंच खटकतं. मानसशास्त्रात याला ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. देवाच्या तसबिरीत डोक्यामागे तेजोवलय असतं ना, ते हे. एका गुणाचा उजेड बाकी सगळ्यांवर पडतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच हे दाखवलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण द्यायचे होते. दिलेले गुण मात्र एकमेकांना चिकटूनच चालत होते.

मग मी या विषयावर वाचायला लागलो. सगळ्यात जास्त बोलला जाणारा अभ्यास टेक्सास विद्यापीठातला आहे. डॅनियल हॅमरमेश आणि एमी पार्कर यांचा, २००५ साली छापलेला. त्यांनी ९४ शिक्षकांचे ४६३ वर्ग घेतले. विद्यार्थ्यांनी दिलेले गुण विद्यापीठाकडे होतेच, एक ते पाचमध्ये. मग या शिक्षकांचे फोटो त्यांनी सहा विद्यार्थ्यांना दाखवले, तीन मुलं आणि तीन मुली, आणि नुसत्या दिसण्याला गुण द्यायला सांगितले. दोन्ही याद्या जोडून पाहिल्या. दिसण्यात सर्वसाधारणपेक्षा बऱ्यापैकी खाली असलेला शिक्षक आणि बऱ्यापैकी वर असलेला शिक्षक यांच्या गुणांत ०.४६ चा फरक निघाला.

०.४६ म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हिशेब करू. समजा कॉलेजने ठरवलंय की साडेतीनच्या खाली गेला तो ‘असमाधानकारक’. दोन शिक्षक अगदी सारखं शिकवतात. देखण्याला मिळाले ३.७०. दुसऱ्याला त्यातून ०.४६ वजा, म्हणजे ३.२४. एक पास, एक नापास. मधला फरक शिकवण्याचा नाही, आरशाचा आहे.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला अनपेक्षित होती. मला वाटलं होतं, दिसण्याचा जाच बायकांनाच जास्त असणार. तिथे हा परिणाम पुरुष शिक्षकांच्या बाबतीत जास्त निघाला. फोटोत सुटाबुटात कोण आहे आणि साध्या कपड्यांत कोण, हेही त्यांनी वेगळं काढून पाहिलं. तरीही रूपाचा परिणाम उरलाच. याचा अर्थ बायका सुटल्या असा मात्र काढू नका. आमच्याच गठ्ठ्यात एका मॅडमच्या फॉर्मवर, शिकवण्याबद्दल लिहा म्हटलं तर, ‘मॅडमच्या साड्या छान असतात’ एवढंच होतं. गुण भरपूर. मॅडमनी तो कागद वाचला आणि काही न बोलता परत ठेवला. पंधरा वर्षं हिशेबशास्त्र शिकवल्यावर तुमच्याबद्दल पोराला एवढंच आठवत असेल, तर पाचपैकी पाच घेऊनही काय करायचं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. देखणे शिक्षक कदाचित खरंच चांगलं शिकवत असतील. आत्मविश्वास जास्त, पोरं त्यांच्याकडे लक्ष देऊन बघतात, म्हणून जास्त शिकतात, असंही असू शकतं. हॅमरमेश-पार्करनीही ही शंका खुली ठेवली आहे. गुण जास्त मिळतात एवढं आकडे सांगतात. ते शिकवण्यामुळे की चेहऱ्यामुळे, हे त्या आकड्यांवरून सुटं करता येत नाही. त्यामुळे ‘देखणा म्हणजे पोकळ’ असं कुणी म्हणू नये.

दुसरा एक अभ्यास याहून जुना, १९७७ चा, मिशिगन विद्यापीठातला. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचा. तो मला जास्त लागला. ११८ विद्यार्थ्यांना एका शिक्षकाच्या मुलाखतीची चित्रफीत दाखवली. शिक्षक बेल्जियमचा, इंग्रजी बोलताना परकी ढब. चित्रफिती दोन केल्या होत्या. माणूस तोच, पण एकीत तो विद्यार्थ्यांबद्दल आपुलकीने बोलतो आणि दुसरीत तुसडेपणाने. अर्ध्यांनी ही पाहिली, अर्ध्यांनी ती. मग विचारलं, याचं दिसणं कसं वाटलं? हावभाव? उच्चार? आपुलकीवाला पाहिलेल्या बहुतेकांना त्याचं दिसणं छान वाटलं. तुसडा पाहिलेल्या बहुतेकांना तोच चेहरा आणि तेच उच्चार खटकले. चेहरा बदललाच नव्हता!

खरी गंमत पुढे आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, माणूस आवडला-नावडला म्हणून त्याचं दिसणं तसं वाटलं का? छे, म्हणाले. तुसडा पाहिलेल्यांनी तर उलटं सांगितलं, त्याचं दिसणं आणि बोलणं खटकलं म्हणून तो आवडला नाही. आपण कशामुळे काय ठरवलं, हे त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं.

म्हणजे वारा दोन्हीकडून वाहतो. रूपामुळे शिकवणं चांगलं वाटतं आणि आवडत्या माणसाचं रूपही चांगलं वाटतं. टेक्सासमध्ये फोटो बघणारी पोरं त्या वर्गातली नव्हती, म्हणून तिथे पहिली दिशा तरी वेगळी दिसली. आमच्या फॉर्ममध्ये तीच पोरं, त्याच मिनिटाला, त्याच कागदावर टापटिपीलाही गुण देतात आणि शिकवण्यालाही. त्यातून काहीच वेगळं निघणार नाही. उलट ‘टापटीप’ ही ओळ छापून आम्हीच पोरांना सांगत होतो की, बाबांनो, कपड्यांकडे बघा, ते मोजायचंय.

पोरांना मी दोष देत नाही. शाळेत आमचे एक मास्तर होते, त्यांच्या कोटाची कॉलर उसवलेली असायची. आम्ही त्यांना ‘उसवलेले सर’ म्हणायचो. त्यांनी शिकवलेलं व्याकरण मी आजही वापरतो, पण तेव्हा फॉर्म दिला असता तर मी किती गुण दिले असते, हे मला चांगलं माहीत आहे. अठरा वर्षांच्या पोराने मोबाइलवर दोन मिनिटांत लिंक भरायची आणि त्यातून एका माणसाची पुढच्या वर्षाची भाकरी ठरायची, ही व्यवस्था पोरांनी नाही केली. आम्ही केली.

आता काहीजण म्हणतील, मग शिक्षकाने नीटनेटकं यायला नको का? यावंच. १५ मार्च २०२४ ला सरकारने शाळेच्या शिक्षकांच्या पोशाखाबद्दल आदेश काढला तेव्हा आपल्याकडेही बरीच चर्चा झाली होती. पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला; बायकांनी साडी किंवा सलवार, कुर्ता, दुपट्टा; जीन्स-टी-शर्ट नको. पोशाखाचा नियम असावा की नसावा हा वेगळा वाद आहे. पण नियम असेल तर तो पाळला की नाही हे प्राचार्यांनी किंवा मुख्याध्यापकांनी बघावं, तोंडावर सांगावं. तो शिकवण्याच्या गुणांत लपवून वजा करू नये. आणि तासिकेवरच्या माणसाला सहा महिने पैसे द्यायचे नाहीत आणि त्याच्या इस्त्रीचे मार्क कापायचे, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

फीडबॅक बंद करा, असं माझं म्हणणं नाही. त्याच गठ्ठ्यात त्याच सरांबद्दल एका पोराने लिहिलं होतं : ‘सर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक लिहितात, मागच्या बाकावर दिसत नाही.’ सगळ्या गठ्ठ्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हे होतं. दुसऱ्या दिवशी सुधारता आलं असतं. आम्ही ते त्यांना कधी दाखवलंच नाही. आम्ही फक्त सरासरी काढली.

त्यानंतर समितीत मी तीन गोष्टी मांडल्या. सोप्या आहेत, कुठल्याही कॉलेजला, शाळेला, क्लासलाही जमतील.

पहिली, पोरांना तेच विचारा जे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तपासलेल्या वह्या परत मिळाल्या का? शंका विचारली तर उत्तर मिळालं का? मागच्या बाकावर दिसतं, ऐकू येतं का? ‘व्यक्तिमत्त्व’, ‘प्रभाव’, ‘टापटीप’ या ओळी काढून टाका. ‘विषयाचं सखोल ज्ञान आहे का’ हेही पोरांना विचारू नका. ते ज्याला कळतं त्याने, म्हणजे त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने, वर्गात मागे बसून आणि काढलेले पेपर वाचून सांगावं.

दुसरी, सरासरी काढायच्या आधी फॉर्मची परीक्षा घ्या. ज्याचं खरं उत्तर ऑफिसात आधीच आहे असा एखादा प्रश्न त्यात हवाच. वेळेवर येणं मस्टरमध्ये आहे. अभ्यासक्रम किती झाला ते शिक्षकाच्या टाचणात आणि पोरांच्या वहीत आहे. एकाच वर्गातली निम्मी पोरं ‘पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर’ म्हणतात आणि निम्मी ‘निम्माच’ म्हणतात, तर ती अभ्यासक्रमाबद्दल बोलत नाहीत, माणसाबद्दल बोलतायत. मस्टर एक सांगतं आणि फॉर्म दुसरंच, तर बाकीच्या रकान्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आणि ज्या फॉर्मवर वरपासून खालपर्यंत सगळीकडे एकच आकडा आहे, तो बाजूला काढून वाचा.

तिसरी, सरासरीबरोबर किती जणांनी किती गुण दिले तेही दाखवा. समजा साठच्या वर्गात तेवीस जणांनीच फॉर्म भरला. एकोणीस जणांची सरासरी ३.८ आहे आणि चौघांनी रागाने सगळीकडे एक दिलाय. एकूण सरासरी होते ३.३. वर ठरवलेल्या साडेतीनच्या रेषेखाली! चार पोरांनी एक माणूस नापास केला आणि सदतीस पोरं बोललीच नाहीत. तक्त्यात मात्र फक्त ३.३ दिसतं.

‘टापटीप’ची ओळ निघाली. मस्टर लावून बघायचंही मान्य झालं. तिसऱ्या गोष्टीवर ‘बघू’ म्हणाले. मी आता समितीत नाही, त्यामुळे ते ‘बघू’ कुठपर्यंत आलंय ते दुसऱ्यांनी विचारावं.

ते सर मागच्या महिन्यात मनमाडच्या स्टेशनवर भेटले. आता खाजगी क्लास घेतात. मी त्यांना फॉर्मचं सगळं सांगितलं, सहीचंही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘सर, इस्त्रीचं एक वेळ सोडा. त्या वर्षी आमच्या गल्लीत बावीस दिवसांनी पाणी आलं होतं. पण मागच्या बाकावर दिसत नव्हतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.’

पोस्ट लांबली, माफ करा. पण या सत्राच्या शेवटी तुमच्या मुला-मुलीच्या मोबाइलवर अशी लिंक येईल तेव्हा दोन मिनिटं शेजारी बसा. कुठला प्रश्न डोळ्यांनी पाहिलेल्याचा आहे आणि कुठला नुसत्या आवडीचा, एवढं विचारायला लावा. मोकळ्या जागेत एक तरी उपयोगी वाक्य लिहायला सांगा. आणि माझ्यासारखे समितीवर असलेले कुणी हे वाचत असतील, त्यांनी सही करायच्या आधी मस्टर मागवावं.